मेगाब्लॉकच्या चौकटीतील वेळ नेमकी कोणाची?

प्रति,
माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात दर शनिवारी आणि रविवारी मेगाब्लॉकची छोटी चौकट येते आणि ‘कुठे, कधी, परिणाम’ या तीन शब्दांत ती रेल्वेचे लांबलचक पत्रक बसवते. मी नेरूळला राहतो आणि गेली काही वर्षे आमच्या सोसायटीच्या फळ्यावर ही चौकट खडूने उतरवून ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यामुळे ती किती बारकाईने वाचली जाते याचा मला रोजच्या व्यवहारातला अनुभव आहे. या चौकटीत एक चूक वर्षानुवर्षे होत आली आहे आणि परवाच्या रविवारी ती माझ्यावरच शेकली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या रविवारी चौकटीत हार्बर मार्गासाठी ‘कुठे : कुर्ला ते वाशी, कधी : सकाळी ११.१० ते दुपारी ४.१०’ असे छापले होते. चेंबूरला नात्यातल्या एका साखरपुड्याला जायचे होते. पावणेअकराची गाडी धरली तर अकराच्या सुमारास चेंबूरला उतरू, म्हणजे ब्लॉक सुरू होण्याआधीच पोहोचू, असा सरळ हिशेब करून मी आणि सौ. फलाटावर आलो, तर इंडिकेटरवर सीएसएमटीऐवजी ‘वाशी’ असे झळकत होते. वाशीला उतरून खाडीपलीकडे जाण्यासाठी बसच्या रांगेत उभे राहण्यात पुढचा पाऊण तास गेला. घरी आल्यावर मूळ पत्रक मिळवून वाचले, तेव्हा रेल्वेने सर्व काही स्वच्छ लिहिलेले आढळले. पनवेल, बेलापूर आणि वाशी येथून सीएसएमटीकडे सकाळी १०.१७ ते दुपारी ३.४७ या वेळेत सुटणाऱ्या गाड्या बंद राहतील आणि सीएसएमटीहून वाशी, बेलापूर, पनवेलकडे सकाळी १०.३४ ते दुपारी ३.३६ या वेळेत सुटणाऱ्या गाड्याही बंद राहतील, असे त्यात होते. पनवेलहून सुटलेली गाडी नेरूळला साधारण वीस मिनिटांत येते, म्हणजे आमच्यासाठी मुंबईची वाट ११.१० ला नव्हे, तर त्याआधी अर्धा तास बंद झाली होती.

पत्रकात दोन वेगवेगळ्या वेळा असतात हे चौकट तयार करणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे. पहिली वेळ ब्लॉकची, म्हणजे रुळांवर काम करणाऱ्यांची. त्या क्षणी कुर्ला ते वाशी हा पट्टा रिकामा हवा असतो. तो रिकामा होण्यासाठी, वाटेत अडकू शकेल अशी प्रत्येक गाडी मुळातच सोडली जात नाही आणि ती कोणत्या मिनिटाला थांबवायची हे तिच्या सुटण्याच्या स्थानकापासून ब्लॉकच्या पट्ट्यापर्यंत किती वेळ लागतो यावर ठरते. म्हणून दुसरी वेळ, गाड्या बंद होण्याची, पहिलीच्या कितीतरी आधी येते आणि दोन्ही दिशांना ती सारखी नसते. शेवटाकडे नेमके उलटे घडते. सीएसएमटीहून ३.३६ नंतर सुटलेली गाडी कुर्ल्याला पोहोचेपर्यंत काम संपत आलेले असते, त्यामुळे ब्लॉक ४.१० पर्यंत असला तरी प्रवाशाला तोवर ताटकळत बसण्याची गरज नसते. चौकटीत जागा एकाच वेळेला असेल तर ती दुसऱ्या वेळेला द्यावी, कारण पहिलीचा उपयोग रेल्वेच्या अभियंत्यांना आहे, वाचकाला नाही.

मी आता फळ्यावर पुढीलप्रमाणे लिहितो आणि एवढे मजकुराच्या चार ओळींत बसते :

मुंबईकडे : पनवेल, बेलापूर, वाशीहून स. १०.१७ ते दु. ३.४७ सुटणाऱ्या सीएसएमटी गाड्या बंद.
पनवेलकडे : सीएसएमटीहून स. १०.३४ ते दु. ३.३६ सुटणाऱ्या वाशी, बेलापूर, पनवेल गाड्या बंद.
सुरू : सीएसएमटी–कुर्ला आणि पनवेल–वाशी विशेष गाड्या.
पर्याय : ठाणे–वाशी/नेरूळ मार्गे प्रवासाची मुभा, स. १० ते सायं. ६.

यात ‘अप’ आणि ‘डाउन’ हे शब्द मी मुद्दाम टाळले आहेत. अप म्हणजे मुंबईकडे हे रोजच्या प्रवाशाला ठाऊक असते, पण रविवारी गाडीत बसणारा प्रवासी बहुधा रोजचा नसतो. ‘सुटणाऱ्या’ हा शब्द मात्र मी कितीही जागा कमी असली तरी गाळत नाही. तो गाळला की सीवूड्सचा वाचक १०.१७ ही आपल्याच स्थानकाची वेळ समजतो. एकदा एका उत्साही शेजाऱ्याने मधल्या प्रत्येक स्थानकाची वेळ काढून लिहावी असे सुचवले होते. मी ते केले नाही, कारण मूळ पत्रकात पनवेल, बेलापूर आणि वाशी ही तीन स्थानके एकाच कालावधीत बांधलेली असतात आणि त्यांतली १०.१७ ची गाडी नक्की कुठून सुटते हे वेळापत्रक उघडल्याशिवाय ठरत नाही. अंदाजाने काढलेली वेळ छापली की वाचक तिला रेल्वेचीच वेळ समजतो.

मुख्य मार्गाच्या बाबतीत वेगळीच पंचाईत होते. तिथे बहुतेक वेळा गाड्या बंद नसतात, फक्त वळवलेल्या असतात, आणि चौकटीत ‘धीम्या गाड्या जलद मार्गावर, दहा ते पंधरा मिनिटे उशिरा’ एवढेच येते. वाचणारा म्हणतो, पंधरा मिनिटे उशीर झाला तरी गाडी येईल. पण कांजूरमार्ग आणि नाहूर येथे जलद मार्गाला फलाटच नाहीत, त्यामुळे धीमी गाडी त्या पट्ट्यात जलद मार्गावर गेली की या दोन स्थानकांवर ती थांबूच शकत नाही. पत्रकात थांब्यांची यादी दिलेली असते, मात्र ती थांबणाऱ्या स्थानकांची असते. संक्षेप करताना लांबलचक यादी म्हणून तीच आधी कापली जाते. त्याऐवजी न थांबणारी दोन-तीन स्थानके लिहिली तर जागाही वाचते आणि ज्याला गरज आहे त्याला नेमके तेच कळते. उशिराची मिनिटे गाळली तरी चालतील. मुंबईत दहा मिनिटांचा उशीर ही काही बातमी नव्हे.

रात्रीच्या ब्लॉकबद्दल थोडेच लिहितो. ‘शनिवारी रात्री १२.३०’ असे छापले की निम्मे वाचक एक रात्र आधीची समजतात. ‘शनिवार-रविवारच्या मध्यरात्री १२.३०’ असे लिहावे आणि पत्रकात दिलेली असेल तर ब्लॉकपूर्वीची शेवटची लोकल तिच्या सुटण्याच्या स्थानकासह नमूद करावी, कारण रात्रपाळीच्या माणसाला तेवढ्या एकाच गाडीशी कर्तव्य असते.

जागेची अडचण आपण सांगाल, म्हणून गेल्या काही महिन्यांची कात्रणे काढून पाहिली. ‘विविध अभियांत्रिकी आणि देखभाल-दुरुस्तीच्या कामांसाठी’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक चौकटीत आहेत आणि त्यांना जेवढी जागा लागते तेवढ्यात पनवेल आणि सीएसएमटी या दोन्हींच्या सुटण्याच्या वेळा बसतात, हे मी फूटपट्टी लावून मोजले आहे. मोजलेले कात्रण सोबत जोडत आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, नेरूळ