आईने भाकरी केली

अमळनेर,
१२ डिसेंबर

प्रिय सुरेखा,

तुझं पत्र आणि सोबतची वाक्यांची यादी मिळाली. तुमच्या केंद्राची व्याकरणाची सराव पुस्तिका छापायला जाण्याआधी त्यातली 'आई स्वयंपाक करते, बाबा पेपर वाचतात' छापाची वाक्यं बदलायची जबाबदारी तुझ्याकडे आली, याचा मला फार आनंद झाला. तू लिहिलं आहेस की नावं बदलायला गेलं की व्याकरणाचा मुद्दाच हातून निसटतो, आणि एक सहकारी तर म्हणाले, "जुनी वाक्यं व्याकरणासाठी पक्की असतात, त्यांना हात लावू नका." मला ते अजिबात पटत नाही. तुझ्या यादीतलं चौथं वाक्य घेऊन सविस्तर लिहिते, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते कळेल.

'आईने भाकरी केली.' आठवीच्या मुलांना कर्मणी प्रयोग शिकवण्यासाठी दिलेलं वाक्य. यातून शिकवायचं काय, तर क्रियापद कर्त्यामागे न जाता कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. आता हे वाक्य मुलाच्या नजरेनं वाच. आई स्त्रीलिंगी, भाकरी स्त्रीलिंगी, केली स्त्रीलिंगी. 'केली' हे रूप भाकरीमुळे आलं की आईमुळे, हे या वाक्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. वर्गात विचारून बघ, बरीच मुलं सांगतील, "बाई, आईने केली म्हणून केली." त्यांचं काही चुकत नाही, वाक्यच दोन्हीकडे झुकलेलं आहे. मग मुलं पळवाट शोधतात: कर्त्याला 'ने' दिसला की कर्मणी लिहून टाकायचं. ती पळवाट भावे प्रयोगाशी आली की कोसळते, कारण तिथेही 'ने' असतोच.

म्हणजे बाईच्या वाट्याला चूल देणारं हे वाक्य व्याकरणासाठीही कच्चं आहे. आणि दोन्ही दोषांचं मूळ एकच. भाकरी, पोळी, भाजी, आमटी, चटणी, चूल, फुंकणी, घरातले कितीतरी शब्द स्त्रीलिंगी. त्यांच्याशेजारी सवयीनं आई, ताई, वहिनी बसवली की कर्ता आणि कर्म एकाच लिंगाचे होतात आणि क्रियापद कुणाचं ऐकतंय ते झाकलं जातं.

आता 'दादाने भाकरी केली' असं लिही. दादा पुल्लिंगी, क्रियापद 'केली'. मुलाच्या मनात लगेच प्रश्न उठतो, दादा असून 'केला' का नाही? हा प्रश्न उठला की निम्मा धडा झाला. त्याखाली दुसरं वाक्य ठेव: 'ताईने भाकरी केली.' कर्ता बदलला, क्रियापद हललं नाही. मग तिसरं: 'ताईने भात केला.' कर्ता तोच राहिला, कर्म बदललं आणि क्रियापद लगेच बदललं. या तीन ओळींत कर्मणी प्रयोगाची पूर्ण परीक्षा होते, आणि तीत दादा नि ताई दोघंही चुलीपाशी येऊन जातात. एक वाक्य खोडून दुसरं लिहिण्यापेक्षा अशी साखळी दे. जागा थोडी जास्त लागेल, पण मुलाला व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

तू स्वतः केलेले काही बदल पाठवले आहेस. 'दादाने बाळाला भरवले' हे तुझं वाक्य मला मनापासून आवडलं, पण ते कर्मणीच्या पाठात ठेवू नकोस. 'बाळाला' म्हणताना कर्माला 'ला' लागला आणि प्रयोग भावे झाला. माणूस कर्म म्हणून आला की मराठीत बहुतेक वेळा हा प्रत्यय येतोच, आणि घरातल्या पुरुषाला मायेचं काम द्यायचं म्हटलं की आपल्याला मूल, आजारी माणूस, म्हातारी आजी हेच सुचतं. म्हणून चांगल्या हेतूनं केलेला बदल नेमका इथे फसतो. ते वाक्य फेकू नकोस, पुढच्या पाठात ने. 'वडिलांनी मुलीला झोपवले', 'वडिलांनी मुलाला झोपवले', 'आईने मुलांना झोपवले'. कर्ता बदला, कर्म बदला, 'झोपवले' जागचं हलत नाही. भावे प्रयोगासाठी याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

'काकांनी भरीत केले' हेही वाचलं. सध्या आपल्याकडे शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणं सुरू झालंय, आणि ते काम पुरुष किती हौसेनं करतात ते तुला माहीत आहेच, म्हणून हे वाक्य आपल्या मुलांना अगदी खरं वाटेल. तरी पहिलं उदाहरण म्हणून ते चालणार नाही. भरीत नपुंसकलिंगी, म्हणून 'केले'. पण 'काका आले, काका बसले' यात आदरार्थी अनेकवचनाचंही रूप 'ले'च असतं. म्हणजे पुन्हा तोच घोळ, 'केले' काकांमुळे की भरितामुळे? 'काकांनी शेवभाजी केली' असं कर. आता शंकेला जागा उरत नाही, आणि कर्ता अनेकवचनी असूनही क्रियापद एकवचनात कसं राहतं हेही आपोआप दिसतं.

'मी भाकरी केली' हे सगळ्यात निर्धोक वाटतं, कारण बोलणारं कोण ते कळतच नाही. पण 'मी'ला 'ने' दिसत नाही, आणि नुकतं शिकणारं मूल त्याला कर्तरी म्हणून मोकळं होतं. 'तू भाकरी केलीस' तर त्याहून अवघड, तिथे क्रियापद कर्माचं लिंग दाखवतं आणि शेवटच्या 'स'नं कर्त्याचा पुरुषही दाखवतं. हे दोन्ही शेवटच्या स्वाध्यायात ठेव, सुरुवातीला नको.

कर्तरी प्रयोगात अडचण वेगळी आहे. तिथे क्रियापदानं कर्त्याचं लिंग दाखवायला हवं. 'आई भाजी निवडते'च्या जागी तू 'बाबा भाजी निवडतात' केलंस. पण काकूही भाजी 'निवडतात'च. आदरार्थी अनेकवचनात वर्तमानकाळाचं रूप स्त्री-पुरुषांना एकच, म्हणून लिंगाचा मुद्दा पुसला गेला. एकेरीतला कर्ता घे: 'दादा भाजी निवडतो', 'ताई भाजी निवडते', 'दादा तांदूळ निवडतो'. बाबांना स्वयंपाकघरात आणायचं असेल तर कर्मणीतून आण, तिथे कर्म स्त्रीलिंगी असलं की ते अडचण करत नाहीत.

आणि एक विनंती, 'दादाने आईला मदत म्हणून भाकरी केली' असं काही लिहू नकोस. 'मदत' म्हटलं की काम आईचंच राहतं. शिवाय वाक्यात दुसरं नाम येतं, 'आईला' हेच कर्म समजून मुलं गोंधळतात. 'दादासुद्धा' हेही नको. साधं, तीन शब्दांचं वाक्य असू दे. माझ्या वर्गात ते फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, तर एक मुलगी लगेच म्हणाली, "मना भाऊ भाकर करस." तिची आई पहाटे कामाला जाते. पुस्तकात नसलेला तिचा भाऊ फळ्यावर आला, याचं मला फार समाधान वाटलं.

बायांना घराबाहेर नेतानाही लिंगाची ही विषम जोडी ध्यानात ठेव. 'काकूने कापूस वेचला' व्याकरणाला चोख आहे, पण वेचणी बायांची आणि पैशाचा व्यवहार पुरुषाचा हे चित्र तसंच राहतं. 'काकूने कापूस विकला' कर. कर्ता, कर्म, प्रयोग सगळं तेच.

आता जातीचं. तुझ्या यादीतली दोन ठिकाणं मला जास्त टोचली. पहिलं आदरार्थी अनेकवचनाचं: 'पाटील आले. गडी आला.' एकवचन आणि आदर यांतला फरक दाखवायला इथे माणसांची उतरंडच वापरली आहे. मूल व्याकरणाबरोबर हेही शिकतं की कुणाला 'आला' म्हणायचं. फरक वयावर ने: 'आजोबा आले. बंटी आला.' आणि त्याखाली मुद्दाम 'सर आले. शिपाईमामा आले. सफाईच्या मावशी आल्या. बाई आल्या.' यातून आदरार्थी रूपाला स्त्रीलिंगही असतं हे दिसतं. आई-बाबांची जोडी मात्र इथे घेऊ नकोस. बहुतेक घरांत 'बाबा आले' आणि 'आई आली' असंच म्हणतात. त्यात आईला कमी मान आहे का, यावर मुलांशी जरूर बोल, पण सारखेपणासाठी 'आई आल्या' असं लिहिलंस तर मुलांना ती कुणाची तरी सासू वाटेल. जी भाषा कुणी बोलत नाही ती उदाहरणात आणली की मुलं वाक्यावरचा विश्वास सोडतात.

दुसरं, लिंग बदलाची यादी: कुंभार-कुंभारीण, धोबी-धोबीण, माळी-माळीण, पाटील-पाटलीण. 'ईण' प्रत्यय शिकवायचा आहे, पण यादी जातींची झाली आहे. वर्गात ती मोठ्यानं वाचली की माना कुणाकडे वळतात ते तू पाहिलेलं आहेस. शिवाय पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, म्हणजे स्त्रीलिंगी रूपाचा अर्थ 'अमक्याची पत्नी' असाच ठसतो. प्रत्यय तसाच ठेवून वाघ-वाघीण, हत्ती-हत्तीण, शेजारी-शेजारीण, मालक-मालकीण घे. शेजारीण स्वतःच शेजारीण असते, आणि मालकीण दुकानाचीही असते.

तुझे सहकारी विचारतील, मग कुंभाराचं काम पुस्तकातून काढायचं का? मुळीच नाही. 'काकूंनी चाकावर मडके घडवले' असं कर्मणीत लिही. चाक राहिलं, हातांचं कसब राहिलं, कर्मही नपुंसकलिंगी मिळालं, आणि काकूंमुळे 'घडवल्या' झालं नाही हे मुलांना विचारता येतं.

छपाईआधी एक काम कर. कागदावर उभी रेघ ओढून एका बाजूला पुस्तिकेतले सगळे कर्ते आणि दुसऱ्या बाजूला त्यांची क्रियापदं लिहून काढ. सुटं वाक्य निर्दोष दिसतं, पण ओळीनं बघितलं की सगळे 'वाचतो, जिंकतो, ठरवतो' पुरुषांच्याच वाट्याला गेलेले दिसतात. त्या जागा हेरून वाक्यं बदल, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.

विभक्तीचा पाठ तू पाठवलेला नाहीस. चतुर्थीत 'मालकाने गड्याला पैसे दिले' असं काही असेलच, म्हणून तो आधी पाठव. नाताळच्या सुट्टीत मी धुळ्याला येते आहे, तेव्हा दोघी बसून तो संपवू. तोवर ती भाकरीची तीन वाक्यं तुझ्या आठवीला देऊन बघ, आणि कुणी चुकलं तर नेमकं काय उत्तर दिलं ते लिहून ठेव.

तुझी,
शोभा