माठाचा भाव

अमळनेर, वैशाख वद्य २

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

माठाचे किती पैसे द्यावेत, असं तू विचारलं होतंस. नुसता आकडा सांगून उपयोग नाही, म्हणून सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या पात्रात झालेला एक सौदाच सांगतो.

पालखी होऊन गेली होती, दुकानं उठायच्या बेतात होती. एका शेतकऱ्यानं बारा लिटरचा माठ उचलला. "भाऊ, काय भाव शे?"

"अडीचशे."

"एकशे वीस देतो," म्हणाला आणि तिथंच उकिडवा बसला.

कुंभारानं वाद घातला नाही. कडेचा एक माठ पुढं सरकवला. "एकशे वीसला हा न्या."

शेतकऱ्यानं बोटाच्या पेरानं दोन्ही वाजवून पाहिले. पहिला टणटणीत वाजला, दुसरा भद्द. तो भट्टीच्या कडेला होता, आच कमी लागली होती. शिवाय पोटावर तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. ती चुनखडी. आपल्याकडच्या मातीत ती फार. माती नीट चाळली नाही की खडा आत राहतो, भट्टीत भाजून त्याचा चुना होतो आणि मग ओल लागली की तो फुगून वरची खपली उडवतो. माठ घेताना धड दिसतो, काही दिवसांनी गळतो. "यात धान्य ठेवा, पाणी नको," कुंभारानं आधीच सांगून टाकलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

"पण चांगल्याला दुपटीहून जास्त कशाला?"

मग हिशोब निघाला. शंभर माठांमागे माती अडीच हजार, पऱ्हाट्या-गोवऱ्या चार हजार, टेम्पो आणि जागा दीड हजार, दोघा माणसांची दहा दिवसांची मजुरी आठ हजार. एकूण सोळा हजार.

"म्हणजे एकशे साठ पडला!" शेतकरी पुढं सरसावला.

"शंभर विकले तर. भट्टीत तेरा तडकले, वाटेत सात फुटले."

शेतकरी थांबला. वेचलेला सगळाच कापूस विकायच्या लायकीचा नसतो, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. "ऐंशी उरले. दोनशे पडला." तरी हट्ट सोडला नाही. "पण आता यात्रा उठली. हे परत नेशील, त्यात दहातला एक फुटेल. म्हणजे माठामागे पंचवीस गेले. भाडं पंधरा धर. चाळीस मला सोड."

हे म्हणणंही खोटं नव्हतं. कुंभार थोडा वेळ माठाच्या काठावरून हात फिरवत राहिला. "दोनशे दहा. पण पाणी भरून बघून न्या."

माठ काठोकाठ भरून कोरड्या वाळूवर ठेवला. सगळीकडून सारखा दमटपणा आला तर चांगलं, तेच पाणी गार करतं. ओली रेघ उमटली तर समजावं, तडा आहे. दोघंही वाकून बघत होते. रेघ उमटली नाही. शेतकऱ्यानं दोनशे दहा मोजले.

तुझा,
मित्र