स्टँडअप अपडेट: ‘अडलंय’ची ओळ नीट लिहा

मंडळी, सोमवारपासून रोजचा अपडेट सकाळी १०:१५ च्या आत, त्या दिवसाच्या थ्रेडमध्येच टाकायचा. तीन ओळी: काल, आज, अडलंय. पहिल्या दोन ओळींत तिकीट नंबर आणि चार शब्द पुरेत, तपशील तिकिटावर असतोच.

घोळ होतो तो तिसऱ्या ओळीत. ‘एपीआयमध्ये थोडा इश्यू आहे’ वाचून कोणीच हलत नाही, कारण नेमकं कोणी काय करायचं ते त्यात नसतं. नमुना बघा:

```
काल: PAY-212 रिफंड स्क्रीन, PR रिव्ह्यूला
आज: PAY-215 रिफंड API जोडणे
अडलंय: स्टेजिंगवर /refunds ला 403. नवं टोकन
घेऊनही तेच. @backend-oncall रोलची परवानगी
1 वाजेपर्यंत बघाल का? तोवर मॉक डेटावर.
```

इथे ४०१ नाही, ४०३ आहे. म्हणजे सर्व्हर विनंती समजून नाकारतोय, तेव्हा लॉगिनपेक्षा परवानगीचाच संशय जास्त. एरर, करून पाहिलेला उपाय, कोणाकडून काय हवं आणि कधीपर्यंत, हे सगळं दिसतं. बॅकएंडवाल्याला उलट विचारावं लागत नाही.

एकच तिकीट सलग तीन दिवस ‘आज’मध्ये दिसलं, तर एकतर ते मोठं आहे, नाहीतर अडथळा लिहिलेला नाही. मी विचारणार.

ऐरोलीत लाईट गेली किंवा घोडबंदरला नेट बंद पडलं, तर तोही अडथळाच, लिहा. दुपारी अडलात तर उद्याच्या स्टँडअपची वाट बघू नका, त्याच थ्रेडमध्ये लगेच टाका.