आजींची सही, वाड्याचा चौक आणि आमचा ट्रायपॉड: पर्यटन आणि संस्कृती मंत्र्यांना इंदूरहून खुलं पत्र

मंत्रीसाहेब, नमस्कार.

मी इंदूरचा, रामबागेतला. आम्ही चौघं मिळून राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या मराठी वाड्यांवर वीस मिनिटांची डॉक्युमेंटरी करतोय, पैसे आपापल्या खिशातले. शूटिंग चार दिवसांचं आणि कागद गोळा करायला दोन महिने, म्हणून हे पत्र.

आधी माणसांचे कागद, कारण तिथे चूक आमचीच होती. नेटवरून रिलीज फॉर्म, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याच्या परवानगीचा कागद, उतरवला, तीन पानं इंग्रजी, त्यात एक ओळ होती की हे फुटेज संपूर्ण विश्वात कायमचं वापरता येईल. वाड्यातल्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींना ते मराठीत सांगितलं तर म्हणाल्या, "विश्वात म्हणजे कुठे रे? आणि कायमचं म्हणजे मी गेल्यावर पण?" मग हळूच म्हणाल्या की आमच्या जाऊबाईंनी अशीच एक सही केली होती आणि खोली गेली. आता बोला. त्यांना कॅमेऱ्याची भीती नव्हतीच, कागदाची होती.

मग आम्ही एक पानी मराठी फॉर्म केला. आम्ही कोण, फिल्म कुठे दाखवणार (फेस्टिव्हल आणि यूट्यूब), पैसे मिळणार नाहीत, बोलणं कापू पण अर्थ फिरवणार नाही. एक रिकामी ओळ ठेवली, "काय दाखवू नये", तिथे आजींनी देवघर लिहायला लावलं. आणि फायनल एडिट होईपर्यंत नाही म्हणता येईल हेही लिहिलं, कारण एकदा फिल्म बाहेर गेली की परत बोलावता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. फॉर्म कॅमेरा चालू ठेवून मोठ्याने वाचला, त्यांचा होकार रेकॉर्ड केला आणि सही इंटरव्ह्यू संपल्यावर घेतली, काय बोललो हे माणसाला तेव्हाच माहीत असतं ना. पण त्या घरातून बाहेर पडायच्या आधी घेतली. एका काकांची सही "नंतर घेऊ" म्हणून राहिली, तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलाने फोनवर नाही सांगितलं आणि चाळीस मिनिटांचं फुटेज वाया गेलं.

आता वाडा. आजी भाडेकरू आहेत, म्हणजे त्यांची सही त्यांच्या चेहऱ्याची आणि आवाजाची, त्यांच्या खोलीत शूट करायलाही त्या हो म्हणू शकतात, पण चौक, जिना, दिंडी दरवाजा मालकाचा. मालक दोन भाऊ, दोघांत कोर्टकेस. आम्हाला वाटलं एकाची सही पुरे. त्याच्याकडून लोकेशनचं पत्र घेतलं, तारखा, वेळ, कुठला भाग, किती माणसं, नुकसान झालं तर कोण भरणार, सगळं होतं. एकच ओळ नव्हती: "ही परवानगी द्यायचा मला अधिकार आहे." दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ आला आणि कॅमेरा बंद. ती ओळ असती तर केस मिटली नसती म्हणा, पण ती लिहितानाच थोरला थबकला असता आणि आम्हाला आधीच कळलं असतं. शेवटी चौक सोडला, आजींच्या दारातून आतल्या बाजूलाच फ्रेम लावली.

आता तुमच्याकडचं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे, म्हणजे होळकरांच्या स्मारकांचे, दोन शॉट हवे होते, नदीच्या बाजूने आणि रस्त्यावरून. एका कार्यालयात (नाव घेत नाही) जो फॉर्म मिळाला त्यात कलाकारांची यादी, व्हॅनिटी व्हॅन किती, सेट कुठे उभारणार असे रकाने. आमच्याकडे एक कॅमेरा, एक कॉलर माईक, एक ट्रायपॉड. सगळीकडे "लागू नाही" लिहिलं तर फॉर्म अपूर्ण म्हणून परत. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, म्हणाला, "भिया, मोबाईलने काढा ना, कोण विचारतं." हाच प्रॉब्लेम आहे साहेब. मोबाईलवाल्याला कोणी विचारत नाही, आणि कागद मागायला गेलेला लटकतो. आणि फेस्टिव्हलवाले ते कागद मागू शकतात, तेव्हा "कोणी विचारलं नाही" हे उत्तर चालत नाही.

तर मागणी एवढीच. पाच माणसांपर्यंतची टीम, लाईट नाही, रस्ता अडवणं नाही, अशांसाठी एक पानी वेगळा अर्ज करा, हिंदीसोबत मराठीतही. त्यावर जागेपुढे लिहिलेलं असू दे की वास्तू कोणाची, बाहेरचा रस्ता कोणाचा, नदीकाठ कोणाचा, म्हणजे छत्रीची परवानगी घेऊन फुटपाथवर ट्रायपॉड लावल्यावर माणूस अडकणार नाही. अर्ज घेतल्याची पावती द्या, त्यावर उत्तराची तारीख. आणि परवानगीच्या पत्रावर त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या अधिकाऱ्याचा नंबर छापा, कारण गेटवरच्या चौकीदाराला पत्र दाखवलं तरी तो "साहेबांना विचारतो" म्हणतो आणि साहेब लंचला गेलेले असतात, तोवर ऊन सरकून जातं.

आजींच्या फॉर्मची कॉपी सोबत जोडलीये, नाव आणि सही झाकून. तुमच्या लोकांना त्यातलं काही वापरायचं असेल तर वापरा, त्यासाठी वेगळी परवानगी लागणार नाही.

आपला,
रामबागेतला एक डॉक्युमेंटरीवाला