केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र : चार हजारांच्या लाभांशातून बाराशे कसे कापले?

माननीय अर्थमंत्री महोदया,
सविनय नमस्कार.

नागपुरात महाल भागात मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. येणारे बहुतेक निवृत्त. पिशवीत पासबुक आणि चार कागद असतात.

परवा एक निवृत्त शिक्षिका आल्या. पासबुकातल्या २,८०० रुपयांच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, दोन हजार शेअरवर दोन रुपयांप्रमाणे चार हजार यायला हवे होते. कर तर दहा टक्के म्हणतात. मग बाराशे कसे गेले?"

कंपनीचं काही चुकलं नव्हतं. एका कंपनीकडून वर्षभरात मिळणारा लाभांश १०,००० रुपयांच्या आत असेल, तर कर कापला जात नाही. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा आहे. ऑगस्टमध्ये बाईंना ८,००० मिळाले, तेव्हा काहीच कापलं नाही. फेब्रुवारीत आणखी ४,००० निघाले, बेरीज १२,००० झाली आणि कंपनीनं आधीच्या रकमेवरचा करही याच हप्त्यातून वळता केला.

बाईंच्या मुलानं मात्र पासबुकावरून हिशेब मांडला होता. २,८०० ला ०.९ नं भागून त्यानं ३,१११ हे मूळ उत्पन्न धरलं. एरवी ही रीत बरोबर आहे (निव्वळ रकमेत दहा टक्के मिळवणारे तर हमखास चुकतात), पण इथे ती फसली. खरी नोंद अशी : उत्पन्न १२,०००, कापलेला कर १,२००, बँकेत जमा १०,८००. कापलेला करही उत्पन्नातच धरावा लागतो. तो वजा करून उत्पन्न दाखवलं आणि वर कापलेला कर आपल्या देय करात जमाही धरायला सांगितला, तर आयकर विभागाकडच्या माहितीशी आकडा जुळत नाही आणि नोटीस येऊ शकते.

पूर्वी लाभांशाच्या वॉरंटला, म्हणजे टपालानं येणाऱ्या चेकसारख्या कागदाला जोडलेल्या चिठ्ठीवर एकूण रक्कम, कर आणि निव्वळ रक्कम ओळीनं छापलेली असे. लोक ती फाइलला लावून ठेवत. आता पैसे थेट खात्यात येतात आणि तपशील ईमेलवर जातो. बाईंचा ईमेल मुलाचा, आणि मुलगा पुण्यात. आयकर विभागाच्या २६एएस या करनोंदींच्या उताऱ्यात कराची नोंद दिसते, पण कंपनीनं तिमाही विवरण भरल्यावर. जानेवारी ते मार्चच्या विवरणाची मुदत ३१ मे. तोवर हातात असतं ते पासबुकच.

म्हणून विनंती आहे. रिझर्व्ह बँक आणि सेबीशी बोलून लाभांश व व्याज जमा होताना पासबुकाच्या नोंदीत आणि एसएमएसमध्ये एकूण रक्कम व कापलेला कर हे दोन आकडे यावेत, अशी सोय करावी. आधीच्या हप्त्यावरचा कर कापला असेल, तर तेही लिहावं. आणि साठीपुढचा भागधारक मागेल, तर त्याला ती चिठ्ठी कागदावर, टपालानं घरी मिळावी.

आपला,
महाल, नागपूर येथील एक करहिशेबनीस