तुळशीबागेतल्या कासारकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

श्रावणातल्या त्या शनिवारी मंगळागौरीच्या खरेदीची झुंबड उडाली होती, म्हणून मी तुम्हाला आठवत असेन असं वाटत नाही. आजीची एक जुनी हिरवी बांगडी घेऊन आले होते, ती मी. तेव्हा नीट आभार मानता आले नाहीत. तुमच्या मागे पाचसहा बायका हात पुढे करून उभ्या होत्या आणि माझा गळा भरून आला होता.

आजी आजारी पडली तेव्हा सलाइनमुळे तिचा उजवा हात सुजला आणि त्या हातातल्या बांगड्या वाढवाव्या लागल्या. डाव्या हातातल्या तशाच राहिल्या. घरी आल्यापासून ती तो मोकळा हात पदराखाली झाकून बसायची. तिला नवा चुडा नको होता. डाव्या हातात आहेत तशाच उजव्या हातात हव्या होत्या. त्यातली एक तिने साबण लावून कशीबशी उतरवून दिली.

तुमच्याकडे येण्याआधी मी बरीच दुकानं पालथी घातली होती. कुणी बांगडीकडे न बघताच "हिरवा म्हणजे हिरवाच, घ्या" म्हणालं. कुणी शेवाळी रंगाचा डझन पुढे टाकला. एकाने तर आजीची बांगडी स्वतःच्या ढिगात टाकली आणि मलाच शोधायला लावली. त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या मुलीच्या मुठीत काय आहे, हे क्षणभर तरी बघायला काय हरकत होती?

तुम्ही रंगाचं नावसुद्धा काढलं नाहीत. आधी गल्ल्याजवळच्या रिळातला लाल दोरा तोडून आजीच्या बांगडीला गाठ मारलीत आणि म्हणालात, "ही आजींची. आता माझ्या मालात मिसळणार नाही." काका, मला सगळ्यात जास्त आठवतो तो हा दोरा. रंग नंतर जुळला, पण माझा जीव त्या गाठीपाशीच भांड्यात पडला.

मग तुम्ही ओल्या फडक्याने बांगडी पुसलीत, आणि इतका वेळ धुरकट, मेंदीसारखी दिसणारी ती बांगडी ओली असेपर्यंत गर्द बाटली-हिरवी झाली. काचेचा रंग आतपर्यंत असतो, तो उडत नाही, हे तुम्ही सांगितलंत. भांडी घासून, कपडे धुऊन वरून बारीक चरे पडतात, त्यांवर उजेड विखुरतो आणि काच पांढुरकी दिसते. पाणी चऱ्यांत भरलं की मूळ रंग वर येतो. बाकीचे सगळे मला त्या चऱ्यांना जुळणारा रंग विकत होते.

वर निळं प्लास्टिक ताणलेलं, आत पिवळा बल्ब. त्या उजेडात तुमच्याकडचे तीन हिरवे मला एकच वाटत होते. तुम्ही गिऱ्हाइकं तशीच ठेवून रस्त्यावर, ढगाळ उजेडात आलात, हातावर पांढरा कागद धरलात आणि आजीच्या बांगडीशेजारी एकेकच बांगडी ठेवत गेलात. डझनाचा जुडगा हातात धरला की काचेवर काच येते आणि रंग उगाच गडद भासतो, म्हणून एकीला एकच लावून बघायची. पहिली निळसर निघाली, दुसरी पोपटीकडे झुकली. तिसरी ठेवलीत आणि आपण दोघंही काही बोललो नाही.

"अगदी तंतोतंत नाही हं ताई, भट्टीचा प्रत्येक माल थोडा वेगळा येतो," हेही तुम्हीच सांगितलंत. मी विचारलंही नव्हतं. हात अजून सुजतो का, हेही तुम्हीच विचारलंत आणि दोन-सहाऐवजी दोन-आठच्या दिल्यात. इंचाच्या आठव्या भागाचाच फरक, पण दोन-सहाच्या आजीच्या सांध्यावर अडल्या असत्या. दुकान भरलेलं असताना खरं सांगणारा माणूस भेटला की शहरावरचा राग थोडा उतरतो. पैसे तुम्ही पूर्ण घेतलेत ते बरं केलंत. ही मेहरबानी नव्हती, चोख काम होतं, आणि म्हणूनच त्याचं मोल मला जास्त वाटतं.

आजीने दोन्ही हात खिडकीपाशी नेऊन पाहिले. नव्या बांगड्या चकाकतात, जुन्या मंद दिसतात, हे तिला लगेच कळलं. "घासून घासून होतील सारख्या," म्हणाली आणि आजोबांना हात दाखवायला गेली. आता तो हात पदराखाली नसतो.

तिचा एक निरोप आहे. सूज पूर्ण उतरली की या बांगड्या तिला सैल होतील, तेव्हा दोन-सहाच्या तुमच्याच हातून भरून घ्यायच्या आहेत. याच मालातल्या एक डझन बाजूला ठेवाल का? गर्दी नसलेल्या एखाद्या दुपारी तिला रिक्षाने घेऊन येते.

तुमची,
लाल दोऱ्याच्या बांगडीवाली मुलगी