विनूला पत्र: नऊ कप, सूर्य आणि "आता बघायलाच नको"

प्रिय विनू,

काल रात्री तुझा फोटो आला तेव्हा मी ओट्याशी उभी होते, दूध तापत होतं, एका हाताने फोन धरून मोठा करून बघितला आणि दूध गेलं उतू. तेव्हा आधी ते तुझ्या खात्यावर लिहून ठेव.

तुमच्या दोघांसाठी काढलेली टॅरोची तीन कार्डं. तुझ्या जागी नाईन ऑफ कप्स, संदीपच्या जागी सन, मधे नाईट ऑफ पेंटॅकल्स, तिन्ही सरळ. आणि खाली तुझा मेसेज, "बघ, चौदा वर्षांनी असं आलंय, आता बघायलाच नको." कार्डं छानच आहेत गं, मी दृष्ट लावायला बसलेली नाहीये. पण त्या "बघायलाच नको" वर मी अडकले, झोपताना पण तेच डोक्यात होतं, म्हणून व्हॉइस नोट न करता सरळ लिहायलाच बसले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे पण एक कारण आहेच.

आधी जे खरंच चांगलं आहे ते. नाईन ऑफ कप्सला आपण सगळेच विश कार्ड म्हणतो, आणि सनबद्दल तर ज्याने आपलं हे डेक बनवून घेतलं त्या खुद्द वेटने जे मोजके अर्थ लिहून ठेवलेत त्यात ऐहिक सुख, सुखाचं लग्न आणि समाधान एवढंच आहे. नाईनला पण त्याने समाधान हा शब्द दिलाय. म्हणजे दोन्ही कार्डं एकच गोष्ट सांगतायत, तुमच्या घरात खाऊनपिऊन, हसूनखेळून बरं चाललंय. ते मला कार्डांशिवाय पण माहितीये, तुमच्याकडे दोन दिवस राहून आले की आमच्याकडे आठवडाभर भांडणं कमी होतात.

पण आता ते नाईनचं कार्ड परत हातात घे आणि ओळखीचं आहे म्हणून नुसतं वरवर बघू नकोस. तो जाडसा गृहस्थ बाकावर बसलाय, हाताची घडी घातलेली, चेहरा म्हणजे आत्ताच बासुंदीची दुसरी वाटी संपवून ढेकर दिलेला. नऊ कप कुठे आहेत? पाठीमागे, त्या निळ्या कापडाच्या टेबलावर, ओळीत मांडलेले. एकही त्याच्या हातात नाही. आपल्याकडे शोकेसमधे शाळेतले कप ठेवतात ना, तसे, पाहुणे आले की दाखवायचे. आणि जोडीसाठी वाचताना सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या चित्रात दुसरं माणूसच नाहीये. टू ऑफ कप्समधे दोघं समोरासमोर आहेत, टेनमधे दोघं आहेत, पोरं आहेत, वर इंद्रधनुष्य आहे. नाईनमधे हा एकटा. म्हणजे समाधान खरं, पण ते एकाचं आहे, दुसऱ्याचं काय ते या कार्डाला माहितीच नाही.

सनमधे पण तेच. उघडं पोर पांढऱ्या घोड्यावर, लाल झेंडा, मागे भिंत, भिंतीवर सूर्यफुलं. एकटं. आता जुन्या फ्रेंच मार्सेच्या डेकमधे याच कार्डावर सूर्याखाली दोन पोरं उभी असतात, एकाने दुसऱ्याला हात लावलेला. 1909 साली पामेला कोलमन स्मिथने वेटसाठी आपलं हे नेहमीचं डेक काढलं त्यात एकच उरलं. मी जोडीसाठी सन आलं की मनातल्या मनात ते जुनं कार्ड शेजारी ठेवते आणि विचारते, दुसरं पोर कुठे गेलं? ही काही पुस्तकी पद्धत नाही हं, माझी सवय आहे.

ही सवय कशी लागली ते तुला सांगितलं नव्हतं, कारण लाज वाटत होती. दोनेक वर्षांपूर्वी एक जोडपं आलं होतं, ओळखीतून, असंच चहाच्या टेबलावर. "आत्ता" च्या जागी नाईन, "पुढे" च्या जागी सन. मी म्हटलं वा, मस्त चाललंय तुमचं, असंच राहू दे. तो एकदम खूष, खुर्चीत मागे रेलून हाताची घडी, अगदी कार्डासारखा, आणि मला तेव्हा ते दिसलं पण नाही! ती बिस्किटाचे तुकडे करत बसली होती, खात नव्हती. मी छान छान आठवणी विचारल्या तर सगळ्या त्यानेच सांगितल्या आणि सगळ्या जुन्या, लग्नानंतरची मनालीची ट्रिप, पहिलं घर घेतलं तेव्हाचं, गेल्या वर्षातलं एकही काही नाही. सातआठ महिन्यांनी ती एकटी आली. भांडण नव्हतं, तिसरं माणूस नव्हतं, काहीच नव्हतं. एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, मस्तच चाललं होतं, त्याचं."

कार्ड चुकलं नव्हतं विनू. मी कोणाचं समाधान ते न विचारता दोघांना वाटून टाकलं.

तेव्हापासून हे दोन एकत्र आले की मी काळ ऐकते. म्हणजे माणूस सुखाबद्दल बोलताना कुठल्या काळात बोलतोय. जे खरोखर समाधानी असतात ते परवाचं सांगतात, अगदी फालतू काहीतरी, की परवा तिने माझ्यासाठी कारली तळली तिला आवडत नसून, किंवा रविवारी आम्ही उगाच स्टेशनपर्यंत चालत गेलो. जिथे नुसतं सुस्तावणं असतं तिथे शोकेस उघडते, मनाली, पहिलं घर, "आमचं काय, आमचं सेट आहे". दुसरं म्हणजे मी विचारते की शेवटचं कधी एकाने काही मागितलं आणि दुसऱ्याला त्यासाठी आपलं काहीतरी बदलावं लागलं. याला चटकन उत्तर आलं, जरा कुरकुर करत आलं तरी, तर मी नाईन ऑफ कप्स बिनधास्त चांगलं वाचते. "आम्हाला एकमेकांकडून काही नकोच असतं" असं आलं तर थांबते. नको असणं वेगळं आणि मागणं सोडून दिलेलं असणं वेगळं, आणि बाहेरून दोन्ही सेम दिसतं, तीच तर पंचाईत आहे.

आणि अजून एक, थोडं आपल्या अभ्यासातलं. शेजारशेजारच्या कार्डांची तत्त्वं बघायची गोल्डन डॉन या जुन्या गूढविद्येच्या मंडळवाल्यांची पद्धत तुला आवडत नाही माहितीये, पण इथे उपयोगाची आहे. कप्स म्हणजे पाणी, सूर्य म्हणजे आग, आणि त्यांच्या हिशोबात आग आणि पाणी एकमेकांना कमजोर करतात. मी ते अपशकुन म्हणून वाचत नाही. उन्हात ठेवलेला कप भरलेलाच दिसतो, पण रोज थोडं आटतं, कोणी सांडत नाही काही नाही, बघायला गेलं नाही तर कळत पण नाही. म्हणून म्हटलं, "बघायलाच नको" कसं चालेल.

आता तुझं मधलं कार्ड, मला खरं तर त्याच्यावरच बोलायचं होतं आणि इथपर्यंत यायलाच एवढं झालं. नाईट ऑफ पेंटॅकल्स. चार नाइट्समधे याचाच घोडा चक्क उभा आहे, काळा, दणकट, चारी पाय जमिनीवर, समोर नांगरलेलं शेत. आणि लगेच शेजारी संदीपच्या जागी दुसरा घोडा, पांढरा, ना खोगीर ना लगाम, भिंतीच्या बाहेर निघालेला. एकाच फोटोत दोन घोडे, एक निघालेला, एक उभा, आणि तू बाकावर बसलेली! मला हसूच आलं. उभा घोडा वाईट नाही. हा सरळ आलाय, म्हणजे भरवशाचा, हप्ते वेळेवर, आईंची औषधं वेळेवर, गॅस संपायच्या आत दुसरा सिलिंडर. तुमच्या दोघांमधे हे आहे आणि ते सोन्यासारखं आहे. उलटा आला असता तर वेटच्याच शब्दांत साचलेपण, आळस, निष्काळजीपणा, मग मी फोनच केला असता. तसं नाहीये. पण सरळ असला तरी तो उभा आहे हे विसरू नकोस. माझं वाचन असं, की तुमच्यात सगळं चालू आहे पण पुढे जायची हालचाल संदीपकडे आहे आणि तुझं पोट भरलेलं आहे, त्यामुळे त्याला कुठेतरी निघायचंय हे तुझ्या लक्षात आलेलं नसेल. कुठेतरी म्हणजे तुला सोडून नव्हे गं, लगेच घाबरू नकोस. मागे जेवताना तो सायकल घ्यायचं बोलत होता आणि तू "ठेवणार कुठे" म्हणून विषय संपवलास, आठवतंय? असलंच काहीतरी. पोराला घोड्यावर बसून भिंतीबाहेरचं जरा बघून यायचंय.

हे चुकीचं पण असेल. तीन कार्डांवरून नवऱ्याच्या मनातलं कळत नाही, जागा तुझ्या हाताने ठरवलेल्या, कार्डं तू काढलेली, त्याला तर माहितीही नसेल की त्याच्या नावाने सन निघालंय. म्हणजे ते कार्ड कदाचित तो नसून तुला तो जसा दिसतो ते असेल, कायम हसरा, कायम बरा. सनच्या खाली सावली दिसत नाही, हे पण एक आहेच.

आता तुझा हात क्लॅरिफायरकडे, म्हणजे खुलाशासाठी वर अजून एक कार्ड काढायला जाणार, तो आवर. मागच्या वेळी तू टॉवरवर एक, त्याच्यावर एक असं करत एम्प्रेस येईपर्यंत पाच काढलीस, मी समोरच होते. काढायचंच असेल तर आधी प्रश्न वहीत लिही, आमच्यात काय बघायचं राहतंय, आणि एकच काढ, येईल ते येईल. त्यापेक्षा मला विचारशील तर कार्ड राहू दे, संदीपला विचार. "आपलं कसं चाललंय" असं नको, त्यावर तो "मस्त" म्हणणार, कोणीही म्हणेल. असं विचार की गेल्या महिनाभरात तू मला काय सांगणार होतास आणि राहू दे म्हणून सोडून दिलंस. आणि भांडी घासताना नको, त्याच्याकडे तोंड करून. काय म्हणाला ते मला कळवलं नाहीस तरी चालेल.

माझं मार्सेचं डेक तुझ्याकडेच आहे दिवाळीपासून, पुस्तकांच्या कपाटात वरती, लाल पिशवीत. त्यातलं सन काढून तुझ्या नाईनशेजारी ठेवून बघ एकदा. आणि मग डेक कुरियर कर, पिशवीसकट, मागच्या वेळी पिशवी ठेवून घेतली होतीस.

तुझी,
शुभा